मूळ संख्येचा फ्लोचार्ट आणि स्यूडोकोड: पहिल्या वर्षाला गाडी अडते ती जागा

बीसीएसच्या पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकलची तोंडी. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझं जर्नल उघडलं, मूळ संख्येच्या फ्लोचार्टवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तूच काढलास ना? मग यात नऊ घाल बरं." मी पेन्सिल बाणावर धरून खाली निघालो. नऊला दोननं भाग जात नाही, म्हणून ‘नाही’चा बाण. तो बाण थेट ‘मूळ संख्या आहे’ लिहिलेल्या चौकटीत शिरत होता. नऊ, मूळ संख्या! सर काही बोलले नाहीत, जर्नल मिटून परत दिलं.

गंमत म्हणजे आदल्या रात्री सदाशिव पेठेतल्या माझ्या कॉटवर बसून मी हा फ्लोचार्ट सात आणि आठ घालून तपासला होता. दोन्ही उत्तरं बरोबर आली होती. येणारच, कारण मी मूळ संख्या तपासतच नव्हतो, सम-विषम तपासत होतो.

पुढची दोन वर्षं त्याच खोलीत राहिलो. दर वर्षी नवीन आलेलं कुणी ना कुणी वही घेऊन याच गणितापाशी अडकलेलं दिसायचं. बहुतेक जण मराठी माध्यमातून आलेले, मूळ संख्या म्हणजे काय हे पाठ. अडचण पुढे यायची: फ्लोचार्ट एक सांगतो, स्यूडोकोड दुसरंच, आणि हा ‘फ्लॅग’ मध्येच कुठून उपटला ते कळत नाही. म्हणून इथे एकच काम नीट करू. दिलेली एक संख्या मूळ आहे की नाही, एवढंच. १ ते ५० ची यादी शेवटी, थोडक्यात.

लागणारं सामान

- कोरे कागद, पेन्सिल आणि भरपूर खोडरबर. पहिला फ्लोचार्ट पेनानं काढू नका.
- फ्लोचार्टची प्लास्टिकची पट्टी असली तर बरी, अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीवाल्याकडे विचारा. नसली तरी अडत नाही, साध्या पट्टीनं चौकटी होतात.
- ड्राय रनसाठी, म्हणजे एकेक पायरी कागदावर हातानं चालवून बघायला, रेघांचा एक कागद. हा सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका हाच कुणी घेऊन बसत नाही.
- जर्नलसाठी छापील आकृती हवी असेल तर ब्राउझरमध्ये `draw.io` चालतं. पण हातानं काढून झाल्यावरच तिकडे वळा.

## १. आधी हातानं सोडवा: ९१

चौकटी काढायला बसण्याआधी ९१ ही संख्या घ्या. दिसायला अगदी मूळ संख्या वाटते. सम नाही, शेवटी पाच नाही, अंकांची बेरीज दहा म्हणजे तीननंही भाग जात नाही. वर्गात विचारलं तर निम्मे हात ‘मूळ’ म्हणून वर जातात.

आता भाग लावत जा आणि बाकी लिहा. दोननं भागलं, बाकी १. तीननं, बाकी १. चारनं ३. पाचनं १. सहानं १. सातनं भागलं, बाकी शून्य. सात तेरे एक्क्याण्णव. संपलं, ९१ मूळ नाही.

हे करताना तुमच्या डोक्यात दोन निरनिराळ्या गोष्टी घडल्या. सातशी बाकी शून्य आली तशी तुम्ही तिथेच थांबलात, पुढे आठनं भागून बघितलं नाही. पण दोनशी बाकी १ आली तेव्हा मात्र ‘मूळ आहे’ असं म्हणून मोकळे झाला नाहीत, पुढे गेलात. म्हणजे ‘मूळ नाही’ म्हणायला एक पुरावा पुरतो, ‘मूळ आहे’ म्हणायला सगळे भागाकार संपावे लागतात. माझ्या नऊची चूक नेमकी हीच होती. पहिल्याच भागाकारावर मी निकाल देऊन टाकला होता.

## २. कुठपर्यंत भाग लावायचा ते ठरवा

सगळे भागाकार म्हणजे कुठपर्यंत? शाळेच्या सवयीनं आपण म्हणतो, त्या संख्येच्या आधीच्या संख्येपर्यंत. काही गाईडांत अर्ध्यापर्यंत दिलेलं असतं. दोन्ही बरोबर आहेत, पण फुकटची मजुरी आहे.

९१ कडेच बघा. तिचे विभाजक जोडीनं येतात: ७ आणि १३. अशा जोडीतल्या दोन्ही संख्या १० किंवा त्याहून मोठ्या असू शकतील का? नाही, कारण मग गुणाकार किमान १०० होईल आणि ९१ च्या पुढे जाईल. म्हणजे जोडीतली एक तरी संख्या ९ किंवा त्याहून लहान असणारच. ९ पर्यंत काही सापडलं नाही तर पुढे सापडण्याचा प्रश्नच नाही. हेच गणिताच्या भाषेत ‘वर्गमूळापर्यंत’.

फरक किती पडतो? ९७ घ्या, ही खरोखर मूळ संख्या आहे. ९६ पर्यंत भाग लावत गेलात तर ९५ भागाकार. अर्ध्यापर्यंत, म्हणजे ४८ पर्यंत गेलात तर ४७. वर्गमूळाच्या नियमानं २ ते ९, फक्त आठ.

वर्गमूळ काढायचा फंक्शन मात्र वापरू नका. अट अशी लिहा: `i * i <= n`. n म्हणजे दिलेली संख्या, i म्हणजे आपण ज्यानं भागतोय ती. अर्थ तोच, पण सगळं पूर्णांकांत राहतं, दशांश येत नाहीत आणि फ्लोचार्टच्या चौकटीत मावतंही.

इथला सापळा: `<=` ऐवजी नुसतं `<` लिहिणं. २५ घालून बघा. i ची किंमत ५ झाली की ५ × ५ हे २५ पेक्षा लहान नाही, म्हणून लूप पाचनं भागण्याआधीच संपतो आणि २५ मूळ ठरते. ४, ९, २५, ४९ या सगळ्या अशाच निसटतात, १६ मात्र पकडली जाते, कारण ती दोनलाच सापडते. त्यामुळे ही चूक सहसा लक्षात येत नाही.

## ३. फ्लोचार्ट काढा, बाणांसकट

आकार चारच लागतात. सुरुवात आणि शेवट लंबगोलात, संख्या घेणं आणि उत्तर छापणं तिरक्या चौकोनात, आकडेमोड आयतात, आणि प्रश्न शंकरपाळीत. पुस्तकात तिला डायमंड म्हणतात, पण आमच्या खोलीत शंकरपाळीच चालायची. तिच्यातून बाहेर पडणारे बाण दोन, दोन्हींवर हो आणि नाही लिहिलेलं हवं. लिहिलं नसेल तर मार्क जातातच, शिवाय आठ दिवसांनी तुमचं तुम्हालाच कळत नाही की कुठला बाण कशाचा.

चौकटींना आधी नंबर द्या, मग काढा:

```
1  लंबगोल     START
2  तिरका चौकोन  READ n
3  शंकरपाळी    n < 2 ?        हो → 9   नाही → 4
4  आयत       i ← 2
5  शंकरपाळी    i * i <= n ?   हो → 6   नाही → 8
6  शंकरपाळी    n MOD i = 0 ?  हो → 9   नाही → 7
7  आयत       i ← i + 1      → 5
8  तिरका चौकोन  PRINT "मूळ आहे"   → 10
9  तिरका चौकोन  PRINT "मूळ नाही"  → 10
10 लंबगोल     STOP
```

`MOD` म्हणजे भागाकारानंतरची बाकी. सी किंवा पायथनमध्ये तिथे `%` येतो. भागाकाराचं चिन्ह आणि हे चिन्ह यांची अदलाबदल करू नका: ९१ भागिले ७ म्हणजे १३, बाकी मात्र शून्य, आणि आपल्याला बाकीच हवी आहे.

आता सहाव्या चौकटीतून निघणारा ‘नाही’चा बाण बोटानं धरा. तो सातव्या चौकटीत जातो, तिथे i एकानं वाढतो आणि बाण वळून पाचव्या चौकटीत येतो. माझा बाण इथूनच थेट आठव्यात गेला होता. आठव्या चौकटीत शिरायची वाट एकच आहे, पाचव्याचा ‘नाही’. म्हणजे सगळे भागाकार संपले, एकही सापडला नाही, तेव्हाच. तुमच्या फ्लोचार्टमध्ये ‘मूळ आहे’ या चौकटीत दुसरीकडून कुठूनही बाण येत असेल तर तो चुकलेला आहे, पुढचं काही तपासायचीही गरज नाही.

परतीचा बाण चौथ्या चौकटीला जोडणारेही असतात. मग i पुन्हा २ होतो, पुन्हा ३, पुन्हा २, आणि ९१ घातली की प्रोग्रॅम बसतो गोल गोल फिरत. स्क्रीनवर काहीच येत नाही, कर्सर नुसता लुकलुकत राहतो. असं दिसलं की आधी हा बाण बघा, मग सातवी चौकट विसरलात का ते बघा.

तिसरी चौकट बरेच जण गाळतात. ती नसेल तर १ घातल्यावर काय होतं? i दोन, २ × २ हे १ पेक्षा मोठं, लूपमध्ये शिरणंच नाही, थेट ‘मूळ आहे’. १ मूळही नाही आणि संयुक्तही नाही, हे शाळेत पाठ केलेलं असतं, पण फ्लोचार्टला ते सांगावं लागतं.

## ४. स्यूडोकोड लिहा, आणि फ्लॅग कशाला ते समजून घ्या

इथे खरा गोंधळ होतो. आमच्या खोलीत बार्शीचा एक मुलगा होता, त्यानं वरच्यासारखाच स्वच्छ फ्लोचार्ट काढून विचारलं, "दादा, यात फ्लॅग कुठेच नाही, तरी उत्तर बरोबर येतंय. मग मॅडम स्यूडोकोडमध्ये फ्लॅग का मागतात?"

प्रश्न अगदी बरोबर होता. फ्लोचार्टमध्ये बाण हवा तिथे उडी मारू शकतो. सहाव्या चौकटीतून नवव्यात गेला, तर तो कुठल्या वाटेनं आला हे त्याच्या जागेवरूनच कळतं. नवव्या चौकटीत पोचलात याचाच अर्थ विभाजक सापडला किंवा संख्या २ पेक्षा लहान होती.

स्यूडोकोडमध्ये बाण नसतात. वरून खाली ओळी, मध्ये `WHILE` चा लूप. लूप संपला की तुम्ही `ENDWHILE` च्या खालच्या ओळीवर येता, मग विभाजक सापडून संपलेला असो की काहीही न सापडता. दोन वाटा एकाच दारातून बाहेर पडतात. आत काय झालं हे लक्षात ठेवायला एक चिठ्ठी लागते, ती चिठ्ठी म्हणजे फ्लॅग. सुरुवातीला तिच्यावर १ लिहायचा, ‘अजून तरी मूळ वाटते’ या अर्थानं. विभाजक सापडला की ० करायचा. बाहेर आल्यावर चिठ्ठी वाचायची.

```
READ n
flag ← 1
IF n < 2 THEN
    flag ← 0
ENDIF
i ← 2
WHILE i * i <= n AND flag = 1
    IF n MOD i = 0 THEN
        flag ← 0
    ELSE
        i ← i + 1
    ENDIF
ENDWHILE
IF flag = 1 THEN
    PRINT n, "मूळ आहे"
ELSE
    PRINT n, "मूळ नाही"
ENDIF
```

स्यूडोकोडचं व्याकरण सगळीकडे एकच नसतं. `READ` च्या जागी `INPUT`, बाणाच्या जागी `SET`, असं तुमच्या वर्गात जे शिकवलं असेल ते ठेवा. फक्त एका पानावर एकच पद्धत वापरा.

जर्नलमध्ये दोन्ही शेजारीशेजारी जाणार असतील तर फ्लोचार्टमध्येही फ्लॅगची चौकट घाला, नाहीतर "हे दोन एकमेकांशी जुळत नाहीत" असा शेरा येतो. पण शिकताना आधी बिनफ्लॅगचाच काढा. ज्यांनी फ्लॅगवालाच आधी पाठ केला, त्यांना तो कशाला आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही, असा माझा अनुभव आहे.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक: दोन्ही `PRINT` लूपच्या आत टाकणं, म्हणजे ‘भाग गेला तर मूळ नाही छाप, नाहीतर मूळ आहे छाप’. अशा कोडमध्ये ९ घातली की आधी ‘मूळ आहे’ आणि लगेच खाली ‘मूळ नाही’ अशा दोन ओळी येतात. ५ किंवा ७ घातली तर मात्र एकच ओळ, तीही बरोबर, कारण तिथे लूप एकदाच फिरतो. ३ घातली तर काहीच छापत नाही. तीनवर स्क्रीन कोरी राहिली की समजायचं, `PRINT` आत राहिलंय.

आणि सीमध्ये उतरवताना `flag = 1` ची तुलना `flag == 1` अशी लिहायला विसरू नका. शेवटच्या `if` मध्ये एकच बरोबरचं चिन्ह ठेवलंत तर तिथे तुलना होत नाही, फ्लॅग पुन्हा १ केला जातो आणि जगातली प्रत्येक संख्या मूळ ठरते.

## ५. ड्राय रनचा तक्ता भरा

रेघांचा कागद आता काढा. प्रत्येक फेरीला एक ओळ, मनातल्या मनात काही करायचं नाही. n = ९१, सुरुवातीला फ्लॅग १:

| i | i × i | ९१ पेक्षा मोठं? | बाकी | फ्लॅग |
|---|---|---|---|---|
| २ | ४ | नाही | १ | १ |
| ३ | ९ | नाही | १ | १ |
| ४ | १६ | नाही | ३ | १ |
| ५ | २५ | नाही | १ | १ |
| ६ | ३६ | नाही | १ | १ |
| ७ | ४९ | नाही | ० | ० |

फ्लॅग ० झाला, `WHILE` ची दुसरी अट मोडली, बाहेर. उत्तर: मूळ नाही.

तोंडीत यावर एक प्रश्न हमखास येतो: "लूप संपला तेव्हा i किती?" आपल्या स्यूडोकोडमध्ये ७, कारण i वाढवणं `ELSE` मध्ये आहे. बरेच जण ते `ENDIF` च्या खाली लिहितात. उत्तर तेव्हाही बरोबरच येतं, पण i ८ होऊन बसतो. मला `ELSE` वालाच आवडतो, कारण शेवटी i मध्ये, १ सोडला तर, ९१ चा सगळ्यात लहान विभाजक जसाच्या तसा मिळतो. तो नेहमी मूळ संख्याच असतो, बरं का. तो स्वतः संयुक्त असता तर त्याचा एखादा लहान विभाजक आधीच्या फेरीत सापडला असता.

यावरून कुणी हुशार विचारेल की मग ४ आणि ६ नं भागायचंच कशाला, दोननं गेला नाही तर चारनं कुठून जाणार. खरं आहे. दोन वेगळा तपासून पुढे फक्त विषम संख्या घेता येतात. पण पहिल्या फ्लोचार्टमध्ये हे घुसवू नका, एक शंकरपाळी वाढते आणि २ हीच संख्या चुकायला लागते.

## ६. हे पाच आकडे घालून बघा

सात आणि आठवर विसंबू नका, माझं काय झालं ते वर वाचलंतच.

- १: ‘मूळ नाही’ यायला हवं. ‘मूळ आहे’ आलं तर `n < 2` ची अट राहिली.
- २: ‘मूळ आहे’. ‘मूळ नाही’ आलं तर तुमचा लूप आधी भागतो आणि अट मागून तपासतो, म्हणजे २ ला २ नंच भागतो. शंकरपाळी ५ ही ६ च्या आधी हवी.
- ९: ‘मूळ नाही’, आणि एकदाच. चुकलं तर `<=` बघा, आठव्या चौकटीत येणारे बाण बघा.
- ९१: ‘मूळ नाही’. लूप एक-दोन फेऱ्यांत थांबत असेल तर इथे उघडं पडतं.
- ९७: ‘मूळ आहे’. ‘मूळ नाही’ आलं तर i ची सुरुवात १ पासून केलीत किंवा n नंच n ला भागलंत. १ नं आणि स्वतःनं तर प्रत्येकीला भाग जातो.

## ७. १ ते ५० ची यादी मागितली तर

वरचाच स्यूडोकोड एका बाहेरच्या लूपमध्ये बसवायचा. n दोनपासून सुरू केला की `n < 2` ची अट लागत नाही.

```
FOR n ← 2 TO 50
    flag ← 1
    i ← 2
    WHILE i * i <= n AND flag = 1
        IF n MOD i = 0 THEN
            flag ← 0
        ELSE
            i ← i + 1
        ENDIF
    ENDWHILE
    IF flag = 1 THEN
        PRINT n
    ENDIF
ENDFOR
```

छापून १५ संख्या यायला हव्यात, २ पासून ४७ पर्यंत. मोजा, नजरेनं सोडून देऊ नका.

चूक झाली तर ती बहुधा `flag ← 1` आणि `i ← 2` या दोन ओळींची असते, त्या `FOR` च्या बाहेर राहिलेल्या असतात. कुठली राहिली ते छापलेल्या यादीवरूनच ओळखता येतं. फक्त २ आणि ३ छापून प्रोग्रॅम गप्प झाला तर फ्लॅग बाहेर आहे: ४ ला तो शून्य झाला आणि नंतर कुणी त्याला एक केलंच नाही. यादी २, ३, ५, ६, ७, ८, १० अशी आली तर i बाहेर आहे: पाचला तो ३ वर जाऊन बसला, आणि त्यानंतर दोननं कुणालाच भागलं गेलं नाही.